केएमटीचा फोन सर्व्हे : न उचललेल्या नंबरांची तयारी

केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बसने किती जण जातात, हे फोनवरून विचारायचं आहे. प्रश्नावली, रिचार्ज, चार्जर सगळे आणतातच. गेल्या वेळी राहिली ती कॉल शीट, म्हणून तीच आधी छापून घ्या. प्रत्येक नंबरासमोर प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ आणि काय झालं ते. नुसतं ‘लागला नाही’ चालणार नाही. स्विच ऑफ, रिंग गेली पण उचलला नाही, ‘नको’ म्हणाले, नंबर अस्तित्वातच नाही, हे सगळं वेगवेगळं लिहायचं. अस्तित्वात नसलेला नंबर यादीतून वजा होतो. न उचलणारा वजा होत नाही, तो मोजणीत राहतोच.

वेळा आधीच ठरवा. दुपारी फोन केलात तर शिवाजी पेठेतले निवृत्त काका निवांत बोलतील, पण उद्यमनगरात लेथवर उभा असलेला कामगार आणि कॉलेजला गेलेली मुलगी उचलणार नाहीत. केएमटीने रोज जाण्याची शक्यता त्यांचीच जास्त. म्हणून प्रत्येक नंबराला एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक वेळी शीट भरा. आणि न उचलणाऱ्याच्या जागी पुढचा नंबर अजिबात लावू नका. आकडा भरेल, पण पुन्हा घरी असणारेच सापडतील.

एवढं करूनही काही गप्प राहणारच. समजा ५०० चालू नंबरांपैकी ३०० बोलले आणि त्यातले ७५ जण आठवड्यातून एकदा तरी केएमटीने जातात, म्हणजे २५ टक्के. उरलेल्या २०० मधून चिठ्ठ्या टाकून ५० निवडा आणि त्यांच्या घरी जा. यादीत पत्ते हवेत, आत्ताच बघून ठेवा. त्या ५० मधले २० जण जात असतील, तर प्रत्येक जण चौघांचा धरायचा, म्हणजे ८०. पंच्याहत्तर आणि ऐंशी मिळून १५५, म्हणजे ५०० पैकी ३१ टक्के. ही रीत हॅन्सेन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये टपालाच्या सर्व्हेसाठी मांडली. पण पन्नासच्या पन्नास भेटले पाहिजेत. निम्मेच भेटले तर या गुणाकाराला अर्थ नाही, तेव्हा माणसं कमी निवडा पण पिच्छा सोडू नका. आणि शीट नसेल तर चिठ्ठ्या कुणाच्या टाकणार? गप्प कोण होते हेच कळणार नाही.

घरी जाणं जमत नसेल तर उत्तरांना भार द्या, म्हणजे कमी सापडलेल्यांचं उत्तर जास्त मोजा आणि जास्त सापडलेल्यांचं कमी. यादीत पस्तिशीच्या आतले ४० टक्के आणि उत्तरांत २५ टक्के, तर त्यांना १.६ चा भार, बाकीच्यांना ०.८. त्यासाठी यादीत वय हवं. हे चालतं ते बोललेला तरुण न बोललेल्या तरुणासारखा असेल तरच. बसमध्ये असल्यानेच फोन उचलला नसेल, तर वयाचा भार काही दुरुस्त करत नाही.

अहवालात किती नंबर, किती बोलले, किती गप्प, तिन्ही द्या. शीटवरूनच.