कानावरून गाणं शिकवताना: उठाव कुठे आहे ते आधी मोजा

माझ्या पहिल्या तासाला मी लोकगीताचे शब्द फळ्यावर लिहिले होते. मुलं फळा वाचत राहिली, चाल कुणी ऐकलीच नाही. पुढच्या वर्गात फळा कोरा ठेवला, तरी गाणं विस्कटलं. ते गाणं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नव्हतं आणि मी ते घरी मोजलं नव्हतं.

गाणं आठ मात्रांचं होतं, पण ओळ उचलायची सातव्या मात्रेवर; तोच तिचा उठाव. म्हणजे सात, आठ, मग सम, आणि ओळ पाचव्यावर संपते. मी मुलांना पहिल्या शब्दावर टाळी द्यायला सांगितलं, तशी टाळी दोन मात्रा आधी पडू लागली. ऐकायला फार वाईट लागत नाही, म्हणून ही चूक लपून राहते. ओळखायची खूण एकच: ज्या अक्षरावर गाण्याचा खरा जोर आहे तिथे टाळी येत नाही, आणि कुणी ढोलकी धरली की सगळे अडखळतात.

आता मी क्रम उलटा ठेवतो. आधी मी दोनदा पूर्ण गातो, मुलं नुसती ऐकतात. मग गाणं बाजूला ठेवून सगळे मांडीवर आठही मात्रांची थाप देतात आणि टाळी फक्त समेला. थाप स्थिर झाली की ती न थांबवता मी तिच्यावर ओळ गातो. टाळी जोराच्या अक्षरावर आपोआप पडते, समजावून सांगावं लागत नाही.

मग सवाल-जवाब. इथे नवे शिक्षक हमखास एक गोष्ट करतात, मीही करायचो: शेवटचा स्वर गोड लागला म्हणून लांबवायचा. पण मुलांना सातव्यावर उचलायचं आहे. माझा स्वर तिथपर्यंत गेला तर त्यांचे पहिले दोन शब्द त्याखाली बुडतात. म्हणून स्वर पाचव्यावर तोडायचा, त्याच वेळी हात मुलांकडे न्यायचा आणि सहाव्यावर दिसेल असा श्वास घ्यायचा. तुम्ही श्वास घेतलात की मुलंही घेतात.

मुलं गात असताना आपण गप्प बसायचं. सोबत गायलात तर कोण चुकतंय ते कळत नाही. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा द्यावा, पण थाप चालू ठेवून. थांबून समजावलं की लय पुन्हा शून्यापासून बसवावी लागते.

पट्टीही घरीच ठरवा. माझा आवाज खालचा. मी माझ्या सोयीने गायलो की काही मुलं खाली घुसमटतात, काही वरच्या सप्तकात उडी मारतात. आता मी माझ्या सवयीपेक्षा तीन-चार स्वर वर धरतो. मला जरा ओढावं लागतं, पण वर्ग एका सुरात येतो.

पस्तीस मिनिटांत एक ध्रुवपद आणि एक कडवं, एवढंच धरा. शेवटची पाच मिनिटं सवाल एखाद्या मुलीकडे द्या. तिने सातव्यावर बरोबर उचललं तर उठाव बसला. समेची वाट पाहत थांबली, तर पुढच्या तासाची सुरुवात पुन्हा थापेपासून.