लघवीत रक्त, पण दुखत काहीच नाही: सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी या चुका टाळा

भोसरीच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे एक काका नोव्हेंबरात माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले तीन कागद होते. जूनमधली लघवीची तपासणी, ऑगस्टमधली सोनोग्राफी आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांचं बिल. पहिल्यांदा रक्त दिसलं होतं मार्चमध्ये. आठ महिने गेले होते आणि या आठ महिन्यांत काका गप्प बसलेले नव्हते. प्रत्येक वेळी काहीतरी केलं होतं. जे केलं, त्याने दर वेळी रक्त थांबल्यासारखं वाटलं, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

दिवसाला १० सिगारेटी, ३६ वर्षं. त्याआधी काही वर्षं विडी. या माणसाच्या लघवीत न दुखता, डोळ्यांना दिसेल असं रक्त आलं, तर ते एकदाच आलं असलं तरी कॅन्सर नाही ना हे पाहायला मूत्राशयाची आणि किडनीची तपासणी व्हायलाच हवी. ती कशी लांबते, ते काकांच्या गोष्टीतून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चूक पहिली: "उष्णता झाली असेल"

मार्चमध्ये काका सकाळी पर्वती चढून आले. घरी आल्यावर लघवी लाल झाली, पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत. जळजळ नाही, ताप नाही, पोटात कळ नाही. काकू म्हणाल्या, "उन्हात फिरताय, उष्णता झालीय." धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं सरबत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ.

उन्हाने पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, फार तर जळजळते. लाल होत नाही. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल किंवा टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल, तर रंग लालसर किंवा नारिंगी येऊ शकतो. पण त्याचा निकाल लघवीच्या साध्या रुटीन तपासणीत लागतो: सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसल्या नाहीत, तर तो रंग रक्ताचा नाही.

मग सरबताने रक्त कसं थांबलं? सरबताने थांबलंच नाही. मूत्राशयातली गाठ बहुतेक वेळा समुद्रातल्या शेवाळासारखी, बारीक झुबक्यांची असते. त्या झुबक्यांतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. एखादा झुबका घासला किंवा तुटला की रक्त येतं आणि तासाभरात किंवा दिवसाभरात ते आपोआप गोठून बंद होतं. पुढचा झुबका तुटेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. वेदनेच्या नसा त्या गाठीत नसतात, त्यामुळे दुखतही नाही. किडनीतली गाठही अशीच बऱ्याचदा न दुखता, अधूनमधून रक्त दाखवते. म्हणून "थांबलं" या गोष्टीवरून आत काय आहे याबद्दल काहीच कळत नाही.

यात सिगारेटचा संबंध काय, असं काकांनी मला विचारलं होतं. "धूर तर छातीत जातो ना, डॉक्टर?" धुरातली काही रसायनं, विशेषतः अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, फुप्फुसातून रक्तात जातात. किडनी ती गाळून लघवीत टाकते. मग ती लघवी मूत्राशयाच्या पिशवीत तासन्‌तास साठून राहते आणि पिशवीचं अस्तर त्या रसायनांत भिजत राहतं. हेच अस्तर किडनीच्या आतल्या कपापासून खाली येणाऱ्या नळीत आणि पिशवीत सलग पसरलेलं असतं, म्हणून तपासणीही सगळ्या मार्गाची करावी लागते. मूत्राशयाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमागे तंबाखूचा धूर असतो. रंग किंवा रबराच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चूक दुसरी: लघवीचा कल्चर न करता अँटिबायोटिक

जूनमध्ये पुन्हा रक्त आलं. मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स घेतला, तिसऱ्या दिवशी रक्त बंद. सगळ्यांची खात्री पटली की इन्फेक्शन होतं. कागद पाहिला तर लघवीत लाल पेशी "भरपूर" आणि पू पेशी चार-पाच. म्हणजे इन्फेक्शनचा पुरावा जवळपास नव्हताच. कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, केलेलाच नव्हता.

इन्फेक्शनने रक्त येऊ शकतं, पण तेव्हा सहसा जळजळ, वारंवार जावं लागणं, कधी ताप अशी साथ असते. साथ काहीच नाही आणि नुसतं रक्त आहे, तर आधी कल्चर द्या, मग गोळी. कल्चरमध्ये जंतू आलेच तर उपचार घ्या, पण संपल्यावर लघवी पुन्हा तपासा. रक्त राहिलं किंवा परतलं, तर पुढची तपासणी टाळू नका. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका ४५ आणि त्यापुढच्या वयासाठी हेच सांगते: इन्फेक्शन नसताना दिसणारं रक्त, किंवा इन्फेक्शनवर उपचार होऊनही टिकलेलं वा परतलेलं रक्त, कॅन्सरच्या शंकेनेच तपासायचं. सिगारेट ओढणाऱ्या बाईच्या बाबतीत ही चूक जास्त होते, कारण बायकांना लघवीचं इन्फेक्शन होतंच म्हणून दोन-तीन कोर्स सहज लिहिले जातात. सुरुवातीच्या वर्षांत मीही लिहिले आहेत. आता लिहीत नाही.

चूक तिसरी: सोनोग्राफीत खडा सापडला, म्हणजे कारण सापडलं

ऑगस्टमधल्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत ४ मिलिमीटरचा मुतखडा निघाला. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पानफुटीच्या पानांचा रस, बार्लीचं पाणी, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बीअर, असं सगळं अडीच महिने चाललं.

किडनीत स्वस्थ पडून राहिलेले छोटे खडे कित्येकांना असतात. खडा आहे म्हणून गाठ नसेल, असा त्याचा अर्थ होत नाही. पन्नाशी-साठीच्या पुरुषात प्रोस्टेट थोडी वाढलेली दिसते, तिच्यावरही असंच खापर फोडलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना रक्त आलं, तरी तपासणी तीच आणि तेवढीच करायची, कारण अशा गोळ्या बहुधा आधीच असलेल्या दुखण्यातून रक्त वाहायला लावतात. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

काकांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती, जी कुणीच वाचली नव्हती: मूत्राशय पूर्ण भरलेलं नाही. नंबर लागायला उशीर झाला, तेव्हा काका लघवीला जाऊन आले होते. रिकाम्या पिशवीच्या भिंतींना घड्या पडतात आणि त्या घड्यांत दोन-अडीच सेंटिमीटरची गाठही लपते. पिशवी भरलेली असतानाही अस्तराला चिकटून पसरलेली सपाट गाठ सोनोग्राफीत दिसत नाही. लघवीतल्या पेशींची सायटॉलॉजीही अशीच अपुरी. ती पॉझिटिव्ह आली तर उपयोगी, पण कमी दर्जाच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, गाठी तिच्यातून निसटतात. म्हणून "नॉर्मल" आली तरी पिशवीत दुर्बीण घालून पाहणं टळत नाही.

मग नेमकी तपासणी कोणती

दोन. पिशवीसाठी सिस्टोस्कोपी, आणि किडनी व नळ्यांसाठी सीटी युरोग्राफी. एक केली की दुसरी नको असं नाही, दोन्ही लागतात.

सिस्टोस्कोपीच्या भीतीने पुरुष महिनोन्‌महिने टाळाटाळ करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लघवीच्या मार्गात सुन्न करणारी जेल सोडतात, काही मिनिटं थांबतात आणि बोटापेक्षा बारीक, वाकणारी दुर्बीण आत घालतात. पाणी सोडून पिशवी फुगवतात आणि भिंती सगळ्या बाजूंनी पाहतात. पाहायला पाच-दहा मिनिटं पुरतात. भरती व्हावं लागत नाही. पुढचा दिवस-दोन दिवस जळजळतं, थोडं गुलाबीही होतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच परत जा.

सीटी युरोग्राफीत शिरेतून औषध देतात आणि ते लघवीत उतरेपर्यंत थांबून पुन्हा फोटो काढतात, तेव्हा नळीतली गाठ रिकाम्या जागेसारखी उमटते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं. किडनी कमजोर असेल, मेटफॉर्मिन चालू असेल किंवा अशा औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर आधीच सांगा. सीटी जमत नसेल तर यूरोलॉजिस्ट दुसरा मार्ग सुचवतात.

लघवी चहासारखी तपकिरी, फेसाळ, रुटीनमध्ये प्रोटीन, पायांना सूज, रक्तदाब वाढलेला, असं चित्र असेल तर रक्त किडनीच्या गाळणीतून येत असण्याची शक्यता आहे आणि किडनीचे डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टही लागतात. पण गुठळ्या असलेलं लाल रक्त सहसा गाळणीतलं नसतं.

एक साधी गोष्ट करा: रक्त दिसलं की मोबाइलवर फोटो काढा आणि तारीख लिहा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत लघवी स्वच्छ झालेली असते आणि मग "थोडंसं लालसर होतं बहुतेक" एवढंच सांगता येतं. आणि गुठळ्या येऊन लघवी अडली, ओटीपोट फुगलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा. तिथे जाड नळी घालून पिशवी धुवावी लागते.

"मी तर दहा वर्षांपूर्वीच सोडली" हे कारणही पुरत नाही. सोडल्यावर धोका कमी होतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका व्हायला फार वर्षं लागतात.

काकांचं काय निघालं

नोव्हेंबरात गुठळ्या आल्या, म्हणून ते घाबरून आले. सिस्टोस्कोपीत पिशवीच्या डाव्या भिंतीवर अडीच सेंटिमीटरची झुबकेदार गाठ दिसली. सीटीत दोन्ही किडन्या आणि नळ्या साफ होत्या, खडा होता तिथेच होता. दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढली. बायॉप्सीत गाठ उच्च दर्जाची, म्हणजे आक्रमक कॅन्सरची निघाली. ती अस्तराखालच्या थरात शिरलेली होती, पण स्नायूत गेलेली नव्हती. तुकड्यात स्नायू आला आहे का, हे रिपोर्टमध्ये मी मुद्दाम पाहतो. स्नायूच नसेल, तर "स्नायूत गेलेली नाही" याला अर्थ उरत नाही.

अशा गाठीत काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडून पाहतात. काकांचं ते झालं, शिल्लक काही सापडलं नाही. मग आठवड्याला एक, असे सहा आठवडे गाठ परत येऊ नये म्हणून पिशवीत बीसीजीचे, म्हणजे टीबीच्या लशीतल्याच औषधाचे, डोस सोडले. स्नायूत शिरली असती, तर पिशवीच काढण्याचा किंवा रेडिएशन आणि केमोचा विचार करावा लागला असता. मार्चमध्ये ती किती मोठी होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

सिगारेट त्यांनी पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी सोडली. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण आहे. तारखा काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतात, आणि आदल्या दिवशी फोन करून विचारतात की उपाशी यायचं का. उपाशी यायची गरज नसते, हे मी दर वेळी सांगतो.