गाडीत राहिलेलं दूध उकळून वापरू नका

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. बाजारातून आणलेली पिशवी दोन-तीन तास तिथेच राहिली, तर पिशवीतलं दूध, पनीर, चिकन, मासे सरळ फेका. इतक्या उन्हात या वस्तूंना तासाभराचीच मुदत असते. वास बरा आहे, दूध फाटलं नाही, म्हणून उकळून घेऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाब त्यानेच होतात. अंडी आणि कापलेलं कलिंगडही ठेवू नका. डाळ, कळण्याचं पीठ, भरताची अख्खी वांगी मात्र खुशाल वापरा. पिठाला दुधाचा ओघळ लागलेला नाही ना, तेवढं बघा.