साठ लाख व्होल्ट आणि वरची पाटी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जमीन आणि आयनांबर यांच्यातल्या व्होल्टेजचा विषय मी सोपा वाटला म्हणून घेतला. खाली पृथ्वी, वर आयनांबर, मध्ये हवा. म्हणजे बारावीतला गोलीय कपॅसिटर, फक्त आकाराने मोठा. याच समजात पहिले तीन आठवडे गेले, आणि जो खड्डा मला लागला तो तुम्हालाही लागेल अशी जवळजवळ खात्री असल्याने त्याबद्दलच लिहितो.

निरभ्र, शांत हवेत जमिनीलगत साधारण 100 व्होल्ट प्रतिमीटर एवढं विद्युतक्षेत्र असतं, दिशा खाली, म्हणजे जमीन ऋण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याला ε₀ ने गुणलं की जमिनीवरची प्रभारघनता मिळते. तिला पृथ्वीच्या पृष्ठफळाने, 5.1×10¹⁴ चौरस मीटरने, गुणलं की एकूण प्रभार सुमारे साडेचार लाख कूलोम. इथवर सगळं ठीक. चूक पुढच्या ओळीत आहे आणि ती चूक वाटत नाही, हीच तर भानगड.

मी a = 6370 किमी घेतलं, b = 6430 किमी, आणि सूत्र लावलं:

C = 4πε₀ab/(b − a)

उत्तर 0.076 फॅरड. मग V = Q/C, म्हणजे जवळजवळ 60 लाख व्होल्ट. आणि फुगे व विमानं वर पाठवून केलेल्या मोजमापांतून जमीन आणि आयनांबर यांच्यातला फरक निघतो अडीच ते तीन लाख व्होल्ट. वीस पटींची तफावत!

मी एककं तपासली. ε₀ चा घातांक तपासला. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, तिचाही हिशेब घालून पाहिला (हसू नका). गाईडना दाखवलं तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या गणितात थोडं इकडेतिकडे व्हायचंच." माझं स्पष्ट मत आहे: वीस पटींना इकडेतिकडे म्हणणाऱ्या माणसाला आकडे पुन्हा दाखवू नका, वेळ जातो. लॅबमधल्या एका सीनियरने मात्र वही बघून एवढंच सांगितलं, "b बदलून बघ." मी 6470 घातलं. उत्तर 98 लाख आलं. तो म्हणाला, "वरची पाटी 40 किलोमीटर सरकवली की तुझं उत्तर दीडपटीहून जास्त होतं. खरं आयनांबर एवढं नेमक्या उंचीवर सुरू होतं का?"

नाही होत. त्याला धारदार कड नाही. मग ज्या उत्तराचा जीव b मध्ये अडकलाय ते उत्तरच संशयास्पद. ही कसोटी तुम्ही पहिल्या दिवशी लावा, तिसऱ्या आठवड्यात नको.

आता खरं कारण. गोलीय कपॅसिटरच्या सूत्रात दोन गृहीतं दडलेली असतात: मधल्या जागेत प्रभार नाही, आणि सगळा धन प्रभार वरच्या पाटीवर बसलाय. इथे दोन्ही खोटी आहेत. हवा थोडी का होईना, वीज वाहून नेते, कारण विश्वकिरण आणि जमिनीलगत किरणोत्सारी द्रव्यं तिच्यात सतत आयन तयार करतात. वर जावं तशी ही वाहकता झपाट्याने वाढते. पण खाली येणारा प्रवाह प्रत्येक थरातून तेवढाच जातो, सुमारे 2 पिकोअँपिअर प्रतिचौरस मीटर. नाही तर मध्येच कुठेतरी प्रभार साठतच राहिला असता. प्रवाह तोच आणि वाहकता जास्त, म्हणजे क्षेत्र कमी. E = J/σ, बस्स. जमिनीवर 100 असलेलं क्षेत्र 10 किलोमीटरवर जेमतेम चारेक व्होल्ट प्रतिमीटर उरतं. गोलाकारामुळे 60 किलोमीटरमध्ये क्षेत्र फक्त 2 टक्क्यांनी उतरतं. ज्या सूत्राचा मी अभिमान बाळगत होतो त्याने खरं तर 100 गुणिले 60,000 एवढंच केलं होतं.

क्षेत्र दर 3 किलोमीटरला e पटीने घटतं असं ढोबळमानाने धरा. मग एकूण फरक 100 × 3000, तीन लाख व्होल्ट. b कुठेच नाही! वरची पाटी 60 वर ठेवा की 100 वर, आकडा हलत नाही.

आणि क्षेत्र उंचीनुसार घटतंय म्हणजे गाऊसच्या नियमाने मधल्या हवेत धन प्रभार असलाच पाहिजे. किती? ε₀ × 100 / 3000, म्हणजे सुमारे 3×10⁻¹³ कूलोम प्रतिघनमीटर. एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा: जमिनीलगत दर घन सेंटीमीटरमागे धन आयन ऋणांपेक्षा साधारण दोनने जास्त. शेकडो आयनांच्या गर्दीत फक्त दोन! पण याच दोन-दोनच्या बेरजेतून पृथ्वीच्या ऋण प्रभाराची फेड होते, आणि त्यातली निम्मी पहिल्या 2 किलोमीटरमध्येच उरकते. आयनांबरावर लाखो कूलोम बसलेत हे चित्र डोक्यातून काढून टाका. मला ते काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चुकून जुनं चित्र परत येतं, येऊ द्या, फक्त वहीत उतरवू नका.

मग कपॅसिटरची कल्पना टाकून द्यायची का? नाही, ती कामाची आहे. फक्त धारिता Q/V ने काढा: साडेचार लाख भागिले तीन लाख, म्हणजे दीड फॅरड. एकूण प्रवाह सुमारे 1000 अँपिअर धरला तर रोध 300 ओहम, आणि RC येतो 450 सेकंद. दुसऱ्या बाजूने पडताळा: जमिनीलगतची वाहकता J/E = 2×10⁻¹⁴, आणि ε₀/σ सुद्धा सुमारे 440 सेकंद. 0.076 फॅरड घातला असता तर 23 सेकंद आले असते. भरपाई थांबली तर पृथ्वीचा बहुतेक प्रभार दहा मिनिटांच्या आत ओसरेल हे लिन्स या शास्त्रज्ञाने 1887 मध्येच दाखवलं होतं. तो ओसरत नाही, कारण जगभरातली गडगडाटी वादळं आणि विद्युतभारित पावसाळी ढग ही टाकी भरत राहतात.

एक छोटा खड्डा अजून आहे. तुमच्या फील्ड मिलवर, म्हणजे क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावर, निरभ्र दिवशी 200 आलं तर पृथ्वीचा प्रभार दुप्पट झाला असं लिहू नका. धूर, धूळ, धुकं यांचे कण आयन गिळतात, जमिनीलगतची वाहकता पडते, पण J ठरतो तो संपूर्ण स्तंभाच्या रोधावरून. म्हणून प्रवाह फारसा बदलत नाही आणि E तेवढं वाढतं. तुम्ही मोजता तो तुमच्या अंगणातला धूर. जगाचा ठोका स्वच्छ सागरी हवेत ऐकू आला, कार्नेगी या संशोधन जहाजाच्या नोंदींत: क्षेत्राचा रोजचा उच्चांक जहाज कुठेही असो, जागतिक वेळेनुसार 19 वाजण्याच्या सुमारास. जमिनीवर तो दिसायला बऱ्याच निवडक दिवसांची सरासरी लागते. माझ्या पहिल्या महिन्याच्या आलेखात दोन उंचवटे आले, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि दोन्ही स्थानिक घड्याळाप्रमाणे. ते आधी धुराचे समजा, मग पुढे बघा.