डेडलाइनवर बसलेल्या बायकोला डबा आणि डब्यात चिठ्ठी

माझी बायको सीए आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की टॅक्स ऑडिटच्या फाइली आणि ती, एवढंच जग उरतं. 30 तारखेच्या आत सगळं अपलोड व्हायला हवं असतं आणि क्लाएंटला बँक स्टेटमेंट 28 ला सापडतं. अशा रात्री तिला न सांगता ऑफिसात जेवण पाठवायचं आणि सोबत जरा चावट चिठ्ठी, हा प्रकार मी चार-पाच वर्षं करतोय. पहिल्या दोन खेपा फसल्या. त्या का फसल्या, ते वाटेत सांगतोच.

आधी चिठ्ठी, मग जेवण

बहुतेक लोक आधी अ‍ॅप उघडून पदार्थ निवडतात आणि शेवटी ‘सूचना लिहा’ या चौकटीत प्रेम ओततात. मीही तेच केलं होतं. पण ती चौकट बायकोसाठी नसतेच. हॉटेलला दिलेली सूचना किचनच्या स्लिपवर छापून निघते आणि आचारी वाचतो. डिलिव्हरीची सूचना जाते डिलिव्हरीवाल्याला. मी इंग्रजी लिपीत ‘जानू, पोटभर खा, उरलेलं मी बघतो’ असं लिहिलं होतं. वीस मिनिटांनी त्याचा फोन: “साहेब, पत्त्यावर जानू कोण आहे?” देवनागरीत लिहिलं तरी सुटका नाही. हॉटेलांच्या छोट्या प्रिंटरवर बरेचदा आपल्या अक्षरांच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतात.

त्यामुळे चिठ्ठी हातानेच लिहायची. मग जेवण एकतर घरून जायला हवं, नाहीतर हॉटेलातून आधी घरी यायला हवं. मी घरचाच डबा दुचाकीवरून पार्सल नेणाऱ्या सेवेने पाठवतो.

काय लिहायचं

माझा पहिला मसुदा असा होता: ‘तुझी खूप आठवण येतेय. किती काम करशील? कधी येणार?’ मला वाटलं, गोड आहे. तिला त्यात तीन तक्रारी दिसल्या. आधीच क्लाएंट दर अर्ध्या तासाला ‘कधी होणार’ विचारत असतो, त्यात घरून तोच प्रश्न. म्हणून पहिलं पथ्य: चिठ्ठीत प्रश्नचिन्ह नको. उत्तर द्यावं लागेल असं काहीच नको.

दुसरं म्हणजे, गंमत तिच्याच कामाच्या भाषेतून काढायची. डोकं दिवसभर ज्या शब्दांत अडकलेलं असतं, त्याच शब्दांना अचानक दुसरा अर्थ आला की हसू फुटतं. मी लिहिलं ते असं:

‘प्रति, थकबाकीदार,
सोमवारपासून आपल्या नावावर पाच रात्री येणे दिसते. व्याज रोजच्या रोज चढते आहे. वसुली अधिकारी घरी दिवा लावून बसला आहे. सोबतची थालीपिठे हप्ता समजू नयेत. मूळ रकमेत सूट मिळणार नाही.’

एवढंच. खाली सही, बदाम वगैरे काही नाही. सरकारी नोटिशीचा कोरडा सूर शेवटपर्यंत टिकवला की चावटपणा आपोआप आत मुरतो. मध्येच ‘लव्ह यू’ घातलं की नोटिशीची हवा जाते. बायको आर्किटेक्ट असती तर नकाशातली मोजमापं घेतली असती, प्रूफं तपासणारी असती तर खुणा. पण एका चिठ्ठीत एकच कल्पना. थकबाकी आणि त्यातच ‘जीएसटीसह मिठी’ घातली की दोन्ही विनोद पडतात.

किती चावट चालेल, हे मी असं ठरवतो: चिठ्ठी टेबलावर उलगडून पडली आणि तिच्या सिनिअर पार्टनरने वाचली, तर? वरची चिठ्ठी वाचून ते ‘काय हो, कर्ज वगैरे?’ एवढंच म्हणतील. दुसरा अर्थ फक्त तिला कळेल. ज्यात दुसरा अर्थ उरतच नाही, ते घरी तोंडी सांगायचं.

दोन चिठ्ठ्या का

डबा आला की आजूबाजूचे विचारतातच, “मॅडम, कोणी पाठवला?” त्यांना काहीतरी दाखवायला लागतं. म्हणून डब्यावर एक उघडी चिठ्ठी असते, उखाण्याची. उखाणा हा चारचौघांत लाडात येण्याचा आपल्याकडचा मान्यताप्राप्त परवाना आहे:

‘गरम गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा,
…चं नाव घेतो, फाइलीतून वर काढ डोळा.’

(एकच डोळा. दुसरा यमकात बसला नाही.) सगळ्यांनी हसून घेतलं की थकबाकीची नोटीस तिला एकटीला वाचता येते. ती मी दुमडून बारक्या झिपच्या पिशवीत घालतो आणि चटणीच्या थंड डबीच्या तळाला बाहेरून चिकटवतो. गरम झाकणाखाली ठेवलेली चिठ्ठी वाफेने भिजते आणि जेल पेनची शाई पसरते. साधं बॉलपेन टिकतं. बिलाच्या मागे तर लिहूच नका: तो कागद उष्णतेने काळा होतो. माझी दुसरी खेप अशीच काळी पडली होती.

डब्यात काय

एक हात माऊसवर असताना दुसऱ्या हाताने खाता आलं पाहिजे. मिसळ, आमटी बाद. कट फाइलीवर सांडला की प्रेम संपलं. बंद एसी ऑफिसात सुरमईही नको. थालीपीठ बरं, पण तव्यावरून थेट डब्यात भरलं तर वाफेने लिबलिबीत होतं. जाळीवर तीन-चार मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात गुंडाळा. लोणी वेगळ्या डबीत. आणि चार जास्तीची पाठवा, नाहीतर ती स्वतःची वाटून टाकते आणि उपाशी राहते.

पोचवायचं कसं

घेणाऱ्याचा म्हणून तिचा नंबर दिला तर डिलिव्हरीवाला तिलाच फोन करणार आणि तिथेच सरप्राइज फुटणार. ऑफिसात एक फितूर लागतो. माझा फितूर म्हणजे आर्टिकलशिपचा मुलगा. त्याला संध्याकाळी विचारतो, “मॅडम जागेवर आहेत ना? क्लाएंट नाही ना समोर?” क्लाएंट असेल तर डबा थांबतो. पार्सल साडेआठच्या सुमाराला पोचेल असं निघतं. त्याआधी चहा-वडापाव अंगावर असतो आणि नंतर त्यांच्या इमारतीचं खालचं शटर अर्धं ओढलेलं असतं. मोठ्या आयटी पार्कात डबा गेटवरच अडतो, तिथे खाली येऊन घेणारा माणूस आधीच ठरवावा लागतो.

निघण्याआधी बातम्याही बघा. 2024 साली टॅक्स ऑडिटची मुदत अगदी तोंडावर 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली. असं झालं की अर्धं ऑफिस घरी पळतं, आणि तुमचा डबा वॉचमनला मिळतो, चिठ्ठीसकट.

पाठवल्यावर ‘मिळालं का?’ असा मेसेज करायचा नाही. फितूर अंगठा पाठवतो, तेवढं पुरे.

त्या रात्री ती दीडला आली. सकाळी डबा घासायला घेतला तर चटणीच्या डबीत माझीच चिठ्ठी, मागे हिरव्या पेनने शेरा: ‘थकबाकी मान्य. व्याजदर अवाजवी. समक्ष सुनावणी 1 तारखेला.’