मोठी रक्कम जिंकलात आणि विड्रॉल अडकला? या चुका टाळा

समजा ऑनलाइन कॅसिनोवर जिंकलात आणि बॅलन्समध्ये 1,80,000 युरो दिसतायत. तुम्ही विड्रॉलवर क्लिक करता आणि स्क्रीन म्हणते, एका वेळी जास्तीत जास्त 5,000. बरेच जण इथेच घाबरतात, साइट फ्रॉड आहे म्हणतात. बहुतेक वेळा फ्रॉड नसतो, टर्म्समध्ये आधीपासून लिहिलेली कॅप असते, फक्त ती कोणी वाचलेली नसते.

पहिली चूक हिशोबाची. टर्म्समध्ये आठवड्याला 5,000 आणि महिन्याला 20,000 असं दोन्ही लिहिलं असेल तर लोक 1,80,000 ला 5,000 ने भागतात, 36 आठवडे येतात, म्हणजे सव्वाआठ महिने. पण काही महिन्यांत पाचवा आठवडा येतो आणि तिथे महिन्याची कॅप आडवी येते, त्यामुळे खरं उत्तर 9 महिने. तेही सगळं वेळेवर झालं तर. आता बघा, आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, की मागचा विड्रॉल मंजूर झाल्यापासून 7 दिवस? दुसरा प्रकार असेल आणि प्रत्येक रिक्वेस्ट मंजूर व्हायला 2 दिवस लागत असतील, तर एक फेरी 7 नाही तर 9 दिवसांची होते. 36 फेऱ्या म्हणजे 324 दिवस, साडेदहा महिन्यांच्या वर! हे सपोर्टला पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर चॅटवर नाही, ईमेलवर घ्या.

दुसरी चूक, पैसे आपोआप येतील असं समजणं. बऱ्याच ठिकाणी दर हप्त्याची रिक्वेस्ट आपल्यालाच टाकावी लागते, आणि एखादा आठवडा चुकला तर ती लिमिट पुढे जमा होत नाही, गेली ती गेली. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. केवायसीची कागदपत्रंही पहिल्याच हप्त्याच्या आधी देऊन मोकळे व्हा, नाहीतर पहिले दोन-तीन आठवडे त्यातच जातात.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते आणि मला मनापासून वाटतं की हप्त्यांमधला खरा धोका हाच आहे. उरलेले 1,75,000 त्याच अकाउंटमध्ये खेळण्यासाठी मोकळे पडलेले असतात, दर आठवड्याला लॉगिन करायचं, रिक्वेस्ट टाकायची, समोर गेम्स आहेतच. शिवाय पेंडिंग विड्रॉल रद्द करायचं बटण असेल तर मध्यरात्री एका क्लिकवर हप्ता परत बॅलन्समध्ये येतो. म्हणून ऑपरेटरला लेखी सांगा की उरलेली रक्कम खेळता येणाऱ्या बॅलन्समधून बाहेर काढून लॉक करा आणि विड्रॉल रद्द करायची सोय माझ्यासाठी बंद करा. सगळे ऐकतात असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कोणीच करत नाही. आणि इतके महिने पैसे त्यांच्याकडे असताना कंपनीच बुडाली तर काय, हेही बघा. ब्रिटनचं लायसन्स असलेल्या ऑपरेटरला कंपनी बुडाल्यास ग्राहकांच्या पैशांना संरक्षण आहे का आणि कोणत्या पातळीचं, हे सांगावं लागतं. संरक्षण नाही असं लिहिलं असेल तर कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तुमचे पैसे परत मिळतीलच याची खात्री नसते.

आणखी एक गोंधळ म्हणजे बोनसची मॅक्स कॅशआउट आणि विड्रॉल कॅप एकच समजणं. कॅप पैसे उशिरा देते, मॅक्स कॅशआउट मात्र वरची रक्कम कापूनच टाकते. जॅकपॉटचंही तसंच, अनेक साइट्सवर मिळून चालणारा प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट बऱ्याच टर्म्समध्ये कॅपच्या बाहेर ठेवलेला असतो, साध्या स्लॉटवरचा मोठा विन मात्र कॅपमध्येच येतो. तुमचा विन कशात बसतो ते तपासा.

डिपॉझिट करायच्या आधी टर्म्सचं पान उघडून Ctrl+F दाबा आणि withdrawal, limit, instalment, installment हे शब्द शोधा. काही ठिकाणी एकूण डिपॉझिटच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त जिंकलं तर वेगळी, अजून कमी कॅप लावतात, ती ओळ तर नक्की शोधा. जिंकल्यावर लगेच त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, कारण टर्म्स नंतर बदलू शकतात आणि जिंकलात त्या दिवशी काय लिहिलं होतं याचा पुरावा तुमच्याकडेच पाहिजे. मग हप्त्यांचं वेळापत्रक मागा, किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने. एकरकमी द्याल का हेही विचारा, व्हीआयपी लेव्हलवर कॅप वाढवतात तिथे कधीकधी ऐकतात, पण लेव्हल वाढवायला अजून खेळू नका.

वेळापत्रक मोडलं तर आधी ऑपरेटरकडे लेखी तक्रार, मग लायसन्स देणाऱ्या संस्थेने ठरवून दिलेल्या तक्रार मंचाकडे. तिथे "कॅप अन्यायकारक आहे" एवढंच लिहिलं तर ते टर्म्सची ओळ दाखवून मोकळे होतात, त्यापेक्षा "अमुक तारखेचा हप्ता आला नाही, हा तुमचा ईमेल" असं लिहिलेली तक्रार जास्त टिकते.