'कन्साइनमेंट' म्हणजे विक्री नव्हे: माझा अनुभव

सांगलीत बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रं मी मराठीत करून देतो. परवा एका काकांनी परगावच्या खरेदीदाराचं पत्र आणलं. ५ टन माल 'ऑन कन्साइनमेंट' हवा होता. काका खूश होते, "कन्साइनमेंट म्हणजे गाडी भरायची, एवढंच ना रे?"

आपल्याकडे या शब्दाचा अर्थ तेवढाच, रवाना केलेला माल. इंग्रजीतही 'अ कन्साइनमेंट ऑफ' आलं तर तोच. पण आधी 'ऑन' लागला की तो व्यवहाराचा प्रकार होतो: माल त्यांच्या गोदामात, मालकी आपली. विकेल तसे पैसे, उरलेला माल परत.

शंका आली की मी पत्रात दोन गोष्टी शोधतो. पैसे कधी देय होतात, आणि न विकलेल्या मालाचं काय. या पत्रात महिनाअखेरीस 'विकलेल्या मालाचा हिशेब' होता, म्हणजे प्रश्न मिटला. बिल्टीवरच्या 'कन्साइनी'वरून मात्र काही ठरवू नये, तो फक्त माल उतरवून घेणारा.

'अडतीवर' लिहावं असं वाटलं होतं. पण अडतीत सौदा झाला की पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लगेच होते, इथे माल महिनोन्महिने पडून राहू शकतो. म्हणून सरळ लिहिलं: "विक्री होईपर्यंत माल आपल्याच मालकीचा, विकेल तेवढ्याचेच पैसे मिळतील."

ते वाचून काकांनी कोल्ड स्टोरेजचं भाडं, परतीचं गाडीभाडं आणि विमा कोणाकडे, हे आधी लेखी मागवलं.